मायग्रेशन अडकल्यामुळे २३ मिनिटे सेवा बंद: क्लायंटच्या ईमेलमध्ये नेमके काय लिहावे?

नवा_बॅकएंडवाला:
औषधांचे एक घाऊक विक्रेते आमची ऑर्डर-प्रणाली वापरतात. आज ११.४० ते १२.०३ ती बंद होती. orders टेबलात रकाना जोडण्याचे मायग्रेशन अडकले. मी ते रद्द केल्यावर सर्व सुरू झाले. त्या वेळी त्यांच्या लेखा विभागाने ११.१८ला लावलेला वार्षिक विक्रीचा रिपोर्ट चालू होता. संध्याकाळी पाठवायच्या ईमेलचा मसुदा असा: ‘तांत्रिक कारणामुळे २३ मिनिटे सेवा खंडित झाली होती. समस्या दूर करण्यात आली असून आपली सर्व माहिती सुरक्षित आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ वरिष्ठांच्या मते एवढे पुरे, मला ते अपुरे वाटते. आपले मत काय?

करार_आधी:
वरिष्ठांशी मी सहमत आहे. ईमेल हा लेखी पुरावा असतो आणि ‘आमचे मायग्रेशन फसले’ हे वाक्य पुढच्या नूतनीकरणाच्या बैठकीत आपल्यासमोर छापून ठेवले जाते. करारात महिन्याला ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी असेल, तर तीस दिवसांत सुमारे ४३ मिनिटांची मुभा असते, म्हणजे २३ मिनिटे तिच्या आतच आहेत. त्यांनी विचारल्यास सविस्तर सांगावे. न विचारता स्वतःहून कबुलीजबाब देण्याचे कारण मला दिसत नाही.

कोथरूडचा_कोडर:
मुळात मायग्रेशन हे कारण असेल असे वाटत नाही. पोस्टग्रेसच्या ११व्या आवृत्तीपासून साधी डीफॉल्ट किंमत दिलेला रकाना जोडतानाही टेबल नव्याने लिहिले जात नाही, ते काम क्षणात होते. तेवीस मिनिटे लागली याचा अर्थ सर्व्हर किंवा नेटवर्कची अडचण असावी. चुकीचे कारण लिहून पाठवण्यापेक्षा ‘तांत्रिक कारण’ बरे.

जुना_डीबीए:
रकाना क्षणात जोडला जातो हे बरोबर आहे, परंतु त्या क्षणासाठी ALTER TABLE ला संपूर्ण टेबलावर एकट्याचा ताबा लागतो, आणि रिपोर्ट ते टेबल वाचत असेतोवर तो मिळत नाही. ALTER वाट पाहत उभे राहिले, आणि पोस्टग्रेसमध्ये ताब्याची रांग असल्यामुळे त्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी, जिचे रिपोर्टशी काहीच भांडण नव्हते तीसुद्धा, ALTER च्या मागे थांबली. अरुंद बोळात गाडीची वाट पाहत ट्रक आडवा थांबावा आणि मागे दुचाकींनाही जागा उरू नये, तसे हे झाले. ALTER रद्द होताच सेवा सुरू झाली, रिपोर्ट संपण्याची वाट पाहावी लागली नाही, यावरूनच कारण स्पष्ट होते.

माझा खरा आक्षेप मात्र ‘सर्व माहिती सुरक्षित आहे’ या वाक्याला आहे. ते आपण तपासून लिहिले आहे काय? त्या २३ मिनिटांत कोणी ऑर्डर जतन केली असेल, तर तिचा INSERT डेटाबेसमध्ये रांगेत उभा राहिला. तुमच्या ॲप्लिकेशनने समजा तीस सेकंदांनी नाद सोडला आणि वापरणाऱ्याला ‘ऑर्डर जतन झाली नाही’ असे दाखवले. परंतु ताब्यासाठी थांबलेल्या पोस्टग्रेसच्या प्रक्रियेला, वेगळी सेटिंग केलेली नसल्यास, समोरचा निघून गेला आहे हे कळत नाही. १२.०३ला रांग मोकळी झाली तेव्हा तो INSERT चालला, आणि तो स्वतंत्र व्यवहार असेल तर कायमही झाला. दरम्यान त्या माणसाने तीच ऑर्डर पुन्हा भरली असेल. माहिती हरवली नाही हे खरे, पण जास्तीची तयार झाली असण्याची शक्यता आहे, आणि औषधांच्या गोदामात दुहेरी ऑर्डर म्हणजे दुहेरी माल.

created_at ला now() ही डीफॉल्ट किंमत असेल, तर तपासणे सोपे आहे. now() व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतो, संपल्याची नव्हे, म्हणून अडकलेल्या नोंदींवर बंद काळातीलच वेळ दिसेल.

```
SELECT id, customer_id, created_at
FROM orders
WHERE created_at::date = current_date
  AND created_at::time BETWEEN '11:40' AND '12:03';
```

शेवटच्या अर्ध्या मिनिटातील नोंदी सोडल्यास, येथे दिसणारी प्रत्येक ऑर्डर वापरणाऱ्याला ‘झाली नाही’ म्हणून दाखवली गेलेली असेल.

दोनदा_पोळलेला:
आमचे मायएसक्यूएल होते. तेथे टेबलाच्या रचनेतील बदल रोलबॅक होत नाहीत. मायग्रेशनच्या पाच पायऱ्यांपैकी तीन होऊन चौथी पडली, आणि आम्ही क्लायंटला ‘बदल पूर्ववत केले आहेत’ असे लिहून मोकळे झालो. दोन आठवड्यांनी त्यांच्याच माणसाला नवे रकाने सापडले. तेव्हापासून मी ‘पूर्ववत’ हा शब्द लिहीत नाही. आपणही लिहू नये.

नवा_बॅकएंडवाला:
आमचे पोस्टग्रेसच आहे आणि ALTER लागूच झाले नव्हते, त्यामुळे पूर्ववत करण्यासारखे काही नव्हते. परंतु वरची क्वेरी चालवली आणि १४ नोंदी निघाल्या. त्यांपैकी ११ ऑर्डर १२.०३ नंतर त्याच ग्राहकासाठी, त्याच मालासह पुन्हा भरलेल्या आहेत. उरलेल्या तिघांचे काय झाले हे मला येथून कळू शकत नाही; कदाचित फोनवर दुसरीकडे मागणी दिली असेल.

हिशेबाच्या_बाजूने:
मी अशा ईमेलच्या दुसऱ्या टोकाला, एका वितरकाच्या लेखा विभागात बसते. या चौदांपैकी काहींची बिले आतापर्यंत निघाली असतील. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते, त्यानंतर क्रेडिट नोटचा व्याप मागे लागतो. ई-वे बिलालाही रद्द करण्यास २४ तासांचीच मुदत असते. म्हणून आम्हाला पश्चात्तापाचा परिच्छेद नको आहे. ऑर्डर क्रमांकांची यादी आजच हवी आहे, आणि तीही पहिल्या चार ओळींत. मूळ कारण उद्या कळले तरी चालेल.

करार_आधी:
यादीबाबत मी माघार घेतो. ती दडवल्यास उद्याचे नुकसान आपल्याच अंगावर येईल. परंतु रिपोर्टचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. तो वाचताच ‘आमच्यावर ढकलता काय?’ असा पहिला फोन येईल.

जुना_डीबीए:
दोष आपला आहे, कारण भर दुपारी वेळेची मर्यादा न घालता ALTER चालवले गेले. उपाय दोन ओळींचा आहे, तो रात्री वापरावा आणि ईमेलमध्येही त्याच साधेपणाने सांगावा:

```
SET lock_timeout = '2s';
ALTER TABLE orders ADD COLUMN batch_code text;
```

दोन सेकंदांत ताबा मिळाला नाही तर ALTER स्वतःच माघार घेईल, रांग मोकळी होईल आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येईल. रिपोर्टचा उल्लेख मात्र मी करीन. तो गाळला तर ‘मायग्रेशन का अडकले’ याचे उत्तरच उरत नाही, आणि उद्या दुसऱ्या कोणाकडून कळले तर आपण लपवले असे दिसेल.

नवा_बॅकएंडवाला:
वरिष्ठांना चौदा नोंदी दाखवल्यावर त्यांनी ‘तांत्रिक कारण’ स्वतःच खोडले. आत्ता पाठवलेला मजकूर असा:

‘आज ११.४० ते १२.०३ या वेळेत आपली ऑर्डर-प्रणाली बंद होती. या काळात “जतन झाली नाही” असे दाखवलेल्या १४ ऑर्डर प्रत्यक्षात नोंदल्या गेल्या आहेत; त्यांपैकी ११ नंतर पुन्हा भरल्या गेल्याने दुहेरी झाल्या आहेत. यादी सोबत जोडली आहे. त्यांची बिले निघाली असल्यास रद्द करण्याची मुदत लक्षात घेऊन कृपया आजच तपासावे. आपण सांगितल्याशिवाय आम्ही एकही नोंद काढणार नाही. आम्ही डेटाबेसमध्ये करीत असलेला एक बदल त्या वेळी चालू असलेल्या दीर्घ रिपोर्टमागे अडकला आणि त्याने इतर कामे रोखून धरली. असा बदल कामाच्या वेळेत आणि वेळेच्या मर्यादेविना चालवणे ही आमची चूक होती. आज रात्री १०.३० नंतर तो दोन सेकंदांच्या मर्यादेसह पुन्हा केला जाईल.’

करार_आधी:
‘दीर्घ रिपोर्टमागे’ हे शब्द मी तरीही काढले असते.

हिशेबाच्या_बाजूने:
कोणाचा रिपोर्ट हे लिहिलेले नाही, तेव्हा चालेल. फक्त यादीत ऑर्डर क्रमांकाशेजारी ग्राहकाचे नावही दिले आहे ना? बिले आम्ही नावावरून शोधतो.

नवा_बॅकएंडवाला:
नाही, customer_id च गेला आहे. दुरुस्त यादी लगेच पाठवतो.