पाण्यासाठी वेगळा कर लावून तो पाण्यालाच बांधावा का?

मांजराकाठ (लातूर): 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा प्यालो आपण. परत दुष्काळ पडला की परत टँकर, परत अनुदान, परत घोषणा. माझं म्हणणं साधं आहे. पेट्रोलवर लिटरला एक रुपया ‘मराठवाडा पाणी कर’ लावा आणि कायदा करून तो पैसा फक्त पाण्याला बांधून टाका. अर्थखात्यातल्या लोकांना यात नेमकं काय खुपतं?

परभणीचा पंपवाला: अगोदरच आमच्याकडं पेट्रोल राज्यात महाग. टँकर मनमाडहून येतो, वाहतूक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. आता वर एक रुपया? गिऱ्हाईक माझ्या तोंडावर शिव्या देतंय, मंत्र्याच्या नाही.

मांजराकाठ: भाऊ, कर राज्यभर लावायचा, फक्त परभणीत नाही.

उषाताई, अंबाजोगाई: असा कर आपल्याकडं आहेच की. माझ्या पगारातून महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत 300. हा रोजगार हमीसाठी आहे असं नोकरीला लागल्यापासून ऐकते. म्हणजे पैसा बांधता येतो, आणि तो रोजगारालाच जातो. मग पाण्याला का नाही?

निवृत्त लेखाधिकारी: ताई, उदाहरण चांगलं काढलंत. त्यातच दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तेच घेतो.

1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली. ती चालवायला पैसा हवा म्हणून 1975 चा व्यवसाय कर कायदा आला आणि 1977 साली हमीचा कायदा झाला. करातून जेवढे येतील तेवढीच भर राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असं त्यात ठरलं. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या मजुराची मजुरी निघाली आणि त्यावर फारसा आरडाओरडा झाला नाही, कारण पैसा कुठं जाणार हे सांगितलेलं होतं. हा बांधीव कराचा खरा फायदा: नवीन कराला माणसं तयार होतात.

आता घोळ बघा. या कराला घटनेनंच वर्षाला माणशी 2500 रुपयांची मर्यादा घातलेली आहे, तीही 1988 सालची. पगार कितीपट वाढले, मजुरीचे दर किती वाढले! कर मात्र तिथंच. कामाची गरज आणि कराचं उत्पन्न यांचा एकमेकांशी काही संबंधच राहिला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी कामाला माणूस येत नाही, तेव्हा पैसा साठतो. वाईट वर्षी सगळं गाव कामावर येतं, तेव्हा पुरत नाही. केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा आल्यावर तर अकुशल मजुरीचा मोठा भाग दिल्लीनं उचलला, कर मात्र तसाच राहिला.

आणि दुष्काळात मजुराला काम मिळालं ते करामुळं मिळालं नाही. कायद्यात लिहिलं होतं की मागेल त्याला काम. पैसा कमी पडला तर सरकारला तो दुसरीकडून आणणं भाग होतं. पाण्याचंही तसंच करा ना: माणशी इतकं पाणी मिळालंच पाहिजे अशी हमी मागा. पैसा कुठून आणायचा ते अर्थखात्याला ठरवू द्या.

गंगाखेडकर: हमी मागा! पीकविम्याची हमी होतीच की. दोन वर्षं झाली, अजून खात्यात छदाम नाही. अर्ज कुणाकडं करायचा ते सांगा.

मांजराकाठ: काका, तो वेगळा विषय आहे, इथं कराचं चाललंय.

गंगाखेडकर: पैसा सरकारचाच ना, मग वेगळा कसा?

तुळजापूरचा वकील: लेखाधिकारी साहेब, आदर राखून सांगतो, तुमचं गणित मुंबईत बसून बरं दिसतं. सर्वसाधारण तिजोरीवर विश्वास ठेवा म्हणता. 1984 साली दांडेकर समितीनं विकासात कुठला भाग किती मागं राहिला तो अनुशेष मोजून दिला. 1994 ला वैधानिक विकास मंडळ मिळालं, एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. सगळा पैसा एका पिशवीत टाकला की ज्याचा हात लांब त्याला मिळतो. आमचा हात आखूड आहे. म्हणून पैसा वेगळा काढून ठेवायचा.

निवृत्त लेखाधिकारी: वकीलसाहेब, अडचण अशी की तो वेगळा निघतच नाही. घटनेच्या कलम 266 प्रमाणं कराचा पैसा आधी एकत्रित निधीत, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतच जातो. तिथून वेगळ्या निधीत टाकायला दरवर्षी विधिमंडळाची मंजुरी लागते. ती मागितली नाही तर कायद्यात नाव राहतं आणि पैसा तिजोरीतच राहतो. केंद्रानं 2007 ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर लावला. त्याचा निधी स्थापन झाला 2017 ला! मधल्या काळात 83 हजार कोटींहून जास्त गोळा झाले होते, हे महालेखापरीक्षकांनीच दाखवलंय.

आपल्या घरचं बघा. ऑक्टोबर 2015 मध्ये राज्यानं दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये अधिभार लावला, दारू-सिगारेटवरही वाढ केली. 2016 ला पाऊस झाला, धरणं भरली. अधिभार उतरला का?

परभणीचा पंपवाला: हे खरंय. नाव दुष्काळाचं, आणि गोदावरी दुथडी वाहत होती तरी चालूच.

तुळजापूरचा वकील: मग दोष बांधण्याचा नाही, नीट न बांधण्याचा आहे. पैसा आल्या आल्या निधीत गेला पाहिजे, खर्चाचा तालुकावार हिशेब छापला पाहिजे, असं कायद्यात लिहा.

निवृत्त लेखाधिकारी: लिहा. पण समजा पाण्याला आज शंभर कोटी मिळतात. तुमच्या करातून चाळीस आले. पुढच्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण तिजोरीतून येणारे शंभरचे साठ झाले, तर तुमच्या हातात काय पडलं? तुमचे चाळीस रुपया न रुपया पाण्यालाच गेले, हिशेबही चोख, आणि पाण्याला मिळाले तेवढेच शंभर. पकडायचं असेल तर निधीचं पान बघून भागत नाही. कर लागण्याआधीच्या तीन वर्षांत त्या खात्यावर एकूण किती खर्च झाला आणि नंतर किती, हे शेजारी मांडावं लागतं. तेही महागाई वजा करून.

उषाताई, अंबाजोगाई: म्हणजे माझे 2500 जातात ते नक्की कुठं जातात, हे सांगताच येत नाही?

निवृत्त लेखाधिकारी: तुमच्यापुरतं नाही सांगता येत, ताई. एकूण किती जमा झाले आणि रोहयोच्या निधीत किती वळते झाले, एवढं महालेखापरीक्षकांच्या अहवालात सापडतं.

तुळजापूरचा वकील: आणि तेवढंही दिसतं कशामुळं? पैसा बांधलेला होता म्हणून! वळते झाले नाहीत हे दाखवायला आधी कायद्यात ‘वळते करा’ लिहिलेलं लागतं. सर्वसाधारण तिजोरीतून मराठवाड्याच्या पाण्याला किती कमी मिळाले, यावर आक्षेप कोण घेतो?

निवृत्त लेखाधिकारी: हा मुद्दा घेतला. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पण मग कराची एक तारीख लिहा, पाच वर्षांनी आपोआप संपणार म्हणून. एका ठरावीक योजनेच्या भांडवली खर्चाला बांधा, पाइपलाइन टाकून झाली की विषय संपला. टँकरला बांधू नका. टँकरचा खर्च पावसावर असतो, पेट्रोलच्या खपावर नाही.

मांजराकाठ: पाइपलाइन झाल्यावर वीजबिल कोण भरणार? आमच्याकडच्या कितीतरी योजना बिलावाचून बंद आहेत. मला तर चालवायचा खर्चच बांधून हवाय.

निवृत्त लेखाधिकारी: तो पाणीपट्टीतून यायला हवा.

गंगाखेडकर: पाणी आठवड्यातून एकदा येतंय अन् पट्टी वर्षाची. कोण भरील, साहेब?