मदत हवी आहे: रात्री बायकोला उठवावं लागू नये म्हणून काय करू?

वाडीकर: लघवीसाठी रोज रात्री बायकोला उठवावं लागतं. दिवसभर राबते, पहाटे पुन्हा चुलीपाशी. झोपेतच दिवा लावते, एक शब्द बोलत नाही, तेच जास्त लागतं. घराला नुसता भार झालोय. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं, तरी उठावं लागतंच. रात्रीपुरता माणूस ठेवला तर महिन्याचे किती घेतात? लवकर सांगा.

मंदाताई: प्रोस्टेट दाखवलंत का? माझ्या सासऱ्यांना असंच व्हायचं, गोळीने फरक पडला.

वाडीकर: प्रोस्टेट नाही हो ताई. माडावरून पडलो. कमरेखाली काही कळत नाही.

फिजिओ_सांगली: मणका कुठला? हात चालतात? लघवीची नळी कायमची आहे की दर वेळी घालून काढता?

वाडीकर: डी १२. हात ठणठणीत. दर वेळी बायको घालते, दवाखान्यात तिलाच शिकवलं.

निसर्गप्रेमी: पायांना रोज गरम वाळूचा शेक द्या. नसा मोकळ्या होतात.

फिजिओ_सांगली: अजिबात नको! संवेदना नाही तिथे भाजलं तरी कळत नाही, जखम महिनोन् महिने भरत नाही.

निसर्गप्रेमी: आमच्या काकांना गुण आला होता.

राजू_कोल्हापूर: कायमची नळी टाका, सगळेच निवांत झोपतील.

फिजिओ_सांगली: झोप मिळेल, पण कायमच्या नळीत जंतुसंसर्ग जास्त होतो. वाडीकर, हात चांगले असताना नळी तुम्हीच घालायला शिका. हात साबणाने धुवायचे, टेकून बसायचं, जेली लावायची. साधारण दर चार ते सहा तासांनी. एका वेळी ५०० मिलीच्या वर निघाली तर मधलं अंतर कमी करायचं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे विचारा. आणि दिवसभर खुर्चीत असता ना? पायांवर सूज येते?

वाडीकर: संध्याकाळी पाय टम्म होतात. त्याचा इथे काय संबंध?

फिजिओ_सांगली: पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवी होऊन बाहेर पडतं. दुपारनंतर तासभर पाय उशीवर घेऊन पडा, म्हणजे ते दिवसाच निघेल. पाणी दिवसा पोटभर प्या, फक्त झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करा. अंथरुणात पडताना शेवटची नळी घाला. पाचपासून बंद केलंत तर लघवी घट्ट होते, जंतूंना रान मोकळं.

वाडीकर: गढूळ येतेय खरी. कालपासून थंडीही वाजतेय.

फिजिओ_सांगली: हे आधी सांगायचं! आजच डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक घेण्याआधी लघवीचं कल्चर द्या.

सुनीता_के: माझ्या मिस्टरांचंही असंच. त्यांनी पाणी तोडलेलं मला ताप आल्यावर कळलं, मग दवाखान्यात रात्री काढल्या. उठण्यापेक्षा ते जड गेलं. वहिनींना माहीत आहे का?

वाडीकर: नाही. सांगतो. आता निघतोय. पण कूस बदलायलाही तीच उठते, त्याचं काय? माणसाचा दरही कोणी सांगितला नाही.

फिजिओ_सांगली: पलंगाला कठडा आहे का? धरून स्वतः वळता येतं का ते फिजिओसमोर करून पाहा. जमेपर्यंत मात्र उठवावं लागेल.