मदत हवी आहे: स्टॉक बरोबर जुळतो, मग ड्रॉवरमध्ये एक्सपायर पाकिटं आली कुठून?

तासगावचं_मेडिकल

नमस्कार मंडळी. तासगावात माझं छोटं मेडिकल आहे, दीड वर्ष झालं सुरू करून. काउंटरवर मी आणि एक मदतनीस मुलगा, दोघंच.

काल, ९ जूनला, बीपीच्या गोळ्यांचा ड्रॉवर पुसायला रिकामा केला. टेल्मिसार्टन ४० ची १७ पाकिटं निघाली. पाकिटावर एक्सपायरी मे २०२५. पोटात गोळाच आला. दर महिन्याच्या १ तारखेला मी सॉफ्टवेअरमधून पुढच्या ३ महिन्यांत एक्सपायर होणाऱ्या मालाची यादी काढते. मार्चमध्ये हे औषध यादीत होतं, तेव्हा 'विक्री चालू आहे, संपेल' म्हणून सोडलं. मेच्या यादीत ते नव्हतंच. स्टॉक बघितला तर संगणकातही १७ आणि ड्रॉवरमध्येही १७. एकाही पाकिटाचा फरक नाही.

'जुना माल पुढं, नवा मागं' हा नियम मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवलाय आणि तो पाळतोही. मग हे झालं कसं? आणि या १७ पाकिटांचं आता काय करू? स्टॉकिस्टला फोन केला तर म्हणाला, स्कीमचा माल परत घेत नाही.

विटा_पेठ

ताई, मुलगा तुमच्यासमोर पाळतो, मागं पाळत नसणार. आमच्याकडं हाच घोळ होता. मी प्रत्येक खोक्यावर माल आल्याची तारीख स्केचपेननं लिहायला लावली. आधी आलेला आधी गेला पाहिजे, बस. तेव्हापासून त्रास नाही.

कोरेगाव_किराणा

माझं किराणा दुकान आहे, पण दुखणं तेच. आम्ही मुदत संपायला महिना राहिलेली बिस्किटं, नूडल्स वेगळ्या टोपलीत काउंटरजवळ ठेवतो आणि १० टक्के कमी लावतो. चार दिवसांत टोपली रिकामी होते. तुम्हीपण तीन महिने राहिलेल्या गोळ्यांवर सूट लावा की. तोट्यापेक्षा बरं. जाता जाता एक विचारतो, बेसनाच्या पाकिटावर 'बेस्ट बिफोर' उलटून आठवडा झाला तर कंपनीचा माणूस बदलून देतो का कुणाला?

मिरज_जुना_काउंटर

ताई, मुलाला बोलू नका अजून. आधी तीन गोष्टी सांगा. ही मेची पाकिटं कधी आली आणि किती? ती आली तेव्हा ड्रॉवरमध्ये त्याच औषधाचा आधीचा माल किती होता आणि त्याची एक्सपायरी काय होती? आणि बिल करताना बॅच कोण निवडतं, तुम्ही की सॉफ्टवेअर?

तासगावचं_मेडिकल

काका, खरेदीची बिलं काढून बसले. मेची पाकिटं १२ फेब्रुवारीला आली. २० वर ४ फ्री अशी स्कीम होती, म्हणजे २४. त्या दिवशी आधीची २२ पाकिटं शिल्लक होती, त्यांची एक्सपायरी ऑक्टोबर २०२५. बॅच सॉफ्टवेअर आपोआप निवडतं. ज्याची एक्सपायरी जवळ ती वर येते आणि आम्ही एंटर दाबतो. तेव्हापासून कालपर्यंत विक्री २९ पाकिटं.

मिरज_जुना_काउंटर

मग सगळं सापडलं. तुमच्या मुलानं नियम अगदी नीट पाळला, आणि त्यामुळंच हे झालं.

फेब्रुवारीत आलेला माल नवा होता, पण त्याची एक्सपायरी घरातल्या मालाच्या पाच महिने आधीची होती. स्कीमचा माल बऱ्याचदा असाच शॉर्ट एक्सपायरीचा येतो. मुलानं तो नवा म्हणून मागं ठेवला. विटेकर, तुमची स्केचपेनची तारीख इथं उपयोगाची नाही, कारण ती माल कधी आला ते सांगते, कधी मरणार ते नाही. दोन्हीचा क्रम बहुतेक वेळा एकच असतो, म्हणून तुम्हाला अजून फटका बसला नाही.

आता आकडे शेजारी मांडा. ऑक्टोबरची २२ आणि मेची २४, एकूण ४६. विकली २९, राहिली १७. काउंटरवर हात पुढच्या पाकिटाला जातो, म्हणून आधी ऑक्टोबरची २२ च्या २२ गेली आणि मग मेची ७. सॉफ्टवेअर मात्र शहाण्यासारखं जवळची एक्सपायरी आधी वजा करत होतं. त्यानं मेची २४ संपवली आणि ऑक्टोबरची ५. म्हणून ड्रॉवरमध्ये मेची १७ उरली आणि संगणकात ऑक्टोबरची १७. आकडा तोच, माल वेगळा. मेच्या यादीत हे औषध आलं नाही, कारण संगणकाच्या हिशेबानं मेची बॅच तोवर विकून झाली होती.

तुम्ही नुसती पाकिटं मोजत राहिलात तर हे जन्मात कळणार नाही. पाकीट उलटं करून बॅच नंबर वाचला तरच कळतं.

आता त्याहून महत्त्वाचं, आणि हे आजच करा. ऑक्टोबरची पाकिटं आधीच संपली होती, म्हणजे शेवटची ७ मेचीच गेली, बिलावर काहीही छापलेलं असो. पाकिटावर मे २०२५ असेल तर ३१ मेपर्यंत ते चालतं. १ जूनपासून कालपर्यंत या औषधाची किती बिलं झाली ते बघा. तेवढ्या पेशंटच्या हातात तुमच्याकडून मुदत संपलेलं औषध गेलंय.

तासगावचं_मेडिकल

काका, वाचून हातपाय गळाले. दोन बिलं आहेत. ३ जूनला २ पाकिटं, ६ जूनला १. दोन्हींवर बॅच ऑक्टोबरची. ३ तारखेचे आजोबा आमच्या गल्लीतलेच, आत्ता त्यांच्या घरी जाऊन आले. एक पाकीट तसंच होतं, दुसऱ्यातल्या तीन गोळ्या घेतल्या होत्या. दोन्ही परत घेतली, शेजारच्या मेडिकलमधून पुढच्या वर्षीच्या एक्सपायरीची आणून दिली आणि काय झालं ते स्पष्ट सांगितलं. आजी रागावल्या, ते बरोबरच आहे. ६ तारखेच्या बिलावर मोबाईल नंबर नाही, नुसतं आडनाव आणि डॉक्टरांचं नाव.

मिरज_जुना_काउंटर

गेलात ते चांगलं केलंत. आठवड्याभरात गोळीचं विष होत नाही, एवढं आजोबांच्या घरी सांगा, पण असं औषध विकायला कायद्यानं बंदी आहे, तिथं सबब चालत नाही. दुसऱ्या पेशंटसाठी डॉक्टरांच्या दवाखान्यात जा. तारीख आणि आडनावावरून त्यांचा कंपाउंडर केसपेपर काढून देईल.

उरलेल्या पाकिटांचं सांगतो. ती आजच ड्रॉवरमधून बाहेर काढा, आजोबांकडून आणलेलीही त्यांच्यासोबत. खोक्यात घालून चिकटपट्टी लावा, वर 'नॉट फॉर सेल' लिहा आणि विक्रीच्या मालापासून लांब ठेवा. परतीची कार्यवाही चालू असेल तोवर मुदत संपलेला माल असा वेगळा ठेवता येतो. इन्स्पेक्टर आले आणि तोच माल रॅकवर दिसला तर तो विक्रीलाच ठेवलाय असं धरतील.

संगणकात मेची बॅच शून्य आहे, म्हणून रिटर्नचं बिल बनणार नाही. आधी ऑक्टोबरच्या बॅचमधून १७ कमी करा, मेच्या बॅचमध्ये १७ वाढवा आणि कारण लिहून ठेवा. स्टॉकिस्टचं म्हणाल तर फेब्रुवारीचं बिल बारीक अक्षरांसकट वाचा. 'परत नाही' असं छापलेलं नसेल तर लेखी मागणी करा.

कुपवाड_फार्मा

एवढी कटकट कशाला? स्कॅनर घ्या. पाकिटावर आता क्यूआर कोड असतो, त्यात बॅच आणि एक्सपायरी दोन्ही येतं. स्कॅन केलं की बरोबर तीच बॅच वजा होते.

मिरज_जुना_काउंटर

स्कॅनर चांगलाच आहे, पण ऑगस्ट २०२३ मध्ये कोडची सक्ती झाली ती ३०० ब्रँडपुरती. ताईंच्या रॅकवरच्या बाकी मालाचं काय? तिथं डोळेच लागणार. आधी पाकीट हातात घ्यायचं, त्यावरची बॅच वाचायची आणि मग स्क्रीनवर तीच निवडायची. स्क्रीनवर जवळची एक्सपायरी वर दिसतेय आणि हातात लांबची आहे, म्हणजे ड्रॉवरमध्ये मागं काहीतरी अडकलंय. त्या क्षणी एंटर न दाबता ड्रॉवर बघायचा. हा फरक हीच तुमची धोक्याची घंटा होती आणि ऑक्टोबरच्या २२ पाकिटांच्या प्रत्येक विक्रीला ती वाजून गेली.

माल लावतानाही तसंच. घरातल्या मालाची एक्सपायरी वाचल्याशिवाय नवीन माल ड्रॉवरमध्ये जाऊ द्यायचा नाही. आणि पाकीट कापून सुट्ट्या गोळ्या देत असाल तर एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहू द्या.

कोरेगाव_किराणा

आणि माझ्या टोपलीचं काय? उत्तर दिलं नाहीत.

मिरज_जुना_काउंटर

दादा, बिस्कीट माणूस घरी नेऊन चार दिवसांत खातो. बीपीवाला ३० गोळ्या नेतो आणि रोज एक घेतो. ३१ मेला मुदत संपणारी गोळी २० मेला दिली, तर शेवटच्या १८-१९ गोळ्या तो जूनमध्ये खाणार. म्हणून रोजच्या औषधाला विक्रीची शेवटची तारीख पाकिटावरची नसते, त्याच्या महिनाभर आधीची असते. सूट देऊन तीन महिन्यांची औषधं एकदम गळ्यात मारली तर आपला तोटा पेशंटच्या कपाटात जातो. बेसनाचं मला माहीत नाही, जाणकार सांगतील.

ताई, याच हिशेबानं तुमची खरेदीही तपासा. चार महिन्यांत २९, म्हणजे महिन्याला सातएक पाकिटं. मेचा माल एप्रिलअखेर संपायला हवा होता. १२ फेब्रुवारीपासून अडीच महिने धरले तर सरासरीनं १७-१८ पाकिटं जातात. तुम्ही घेतली २४. या वेळी मेच्या यादीआधीच २४ खपली, म्हणून माल पुढं ठेवला असता तर जेमतेम संपला असता, पण सरासरीच्या हिशेबानं सहाएक पाकिटं उरायचा धोका होताच.

विटा_पेठ

काकांचं पटलं, आजच माझा बीपीचा ड्रॉवर उपसला. एका औषधाची ऑगस्टची ६ पाकिटं सप्टेंबरच्या मागं निघाली. पण सूट द्यायचीच नाही हे नाही पटत. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकला दोन महिने बाकी असतील तर पेशंटला सांगून स्वस्तात दिलं तर चुकलं कुठं?

मिरज_जुना_काउंटर

सांगून दिलंत तर चूक म्हणणार नाही. मी मात्र कधी केलं नाही. तीन महिने राहिले की पाकिटाला लाल टिकली लावायचो आणि ज्या डॉक्टरांकडून ते लिहून येतं त्यांच्या जवळच्या मेडिकलला फोन करायचो. पाच-सहा पाकिटं तिथं आठवड्यात खपायची.

तासगावचं_मेडिकल

आज दुपारी दुकान बंद ठेवून मुलगा आणि मी मधुमेहाचा रॅक बॅचनुसार मोजला. ४१ औषधांपैकी ३ मध्ये बॅच उलटसुलट निघाली, एक्सपायर काहीच नाही. उद्यापासून रोज एक रॅक करणार आहोत. मुलाची माफी मागितली, काल रागाच्या भरात त्याला बरंच बोलले होते. फेब्रुवारीच्या बिलावर 'परत नाही' कुठंच छापलेलं नाही, स्टॉकिस्टला पत्र दिलंय, अजून उत्तर नाही.

सहा तारखेच्या पेशंटचं नाव केसपेपरवर सापडलं, गाव सावळज. फोन लागत नाही. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी नवीन पाकीट घेऊन जाऊन येते.