‘नियंत्रण मर्यादा’ आणि ‘विशेष कारण’: हे प्रतिशब्द बरोबर आहेत का?

अनुस्वार
आमच्या कामात रोज सरासरी किती मिनिटांत ऑर्डर मार्गी लागते, याचा कंट्रोल चार्ट, म्हणजे कामात खरोखर बदल झाला की नेहमीचाच चढउतार आहे हे दाखवणारा आलेख, ठेवला जातो. त्याच्या मराठी टिपणात मी ‘कंट्रोल लिमिट’साठी ‘नियंत्रण मर्यादा’, नेहमीच्या चढउतारामागच्या ‘कॉमन कॉज’साठी ‘सामान्य कारण’ आणि वेगळ्या, नव्याने आलेल्या ‘स्पेशल कॉज’साठी ‘विशेष कारण’ हे शब्द वापरले. परंतु वाचणाऱ्यांनी त्यांचा अर्थ भलताच घेतला. पहिल्या वीस दिवसांची सरासरी ४२ मिनिटे असून आलेखावरील मर्यादा ३४ आणि ५० आहेत. एके दिवशी ४८ मिनिटे लागली, तेव्हा ‘नियंत्रण सुटले’ असे म्हणून खुलासा मागवण्यात आला. हा दोष शब्दाचा आहे काय?

पाळीप्रमुख
ग्राहकाला आपण ४५ मिनिटांचा शब्द दिला असेल, तर ४८ म्हणजे नियंत्रण सुटलेच. आम्ही वरची मर्यादा ४५ वरच आखतो, म्हणजे वाद उरत नाही.

रेघोटी
पाळीप्रमुख, आपण सांगता ती वचनाची रेघ आहे, आणि ‘नियंत्रण’ या शब्दामुळे नेमकी हीच गल्लत होते, कारण मर्यादा कोणीतरी घालून दिली आहे असे त्यातून वाटते. कंट्रोल चार्टवरची मर्यादा कामाच्या स्वतःच्या चढउतारातून निघते. लागोपाठच्या दोन दिवसांतील फरक काढायचे, त्यांची सरासरी घ्यायची आणि तिला २.६६ ने गुणून आलेला आकडा एकूण सरासरीच्या वर आणि खाली मांडायचा. अनुस्वार यांच्या मर्यादा पाहता तो सरासरी फरक ३ मिनिटे असावा. म्हणजे मर्यादा सुमारे ८ मिनिटे वर आणि तितकीच खाली. ४८ चा दिवस वचनाबाहेर आहे, पण या कामाच्या नेहमीच्या पल्ल्यातच आहे. त्या एका दिवसाचा खुलासा मागितला, तर माणसे काहीतरी कारण रचून देतील. वचन पाळायचे असेल, तर सगळी कामाची रीतच बदलावी लागेल. म्हणून मी ‘स्वाभाविक मर्यादा’ असे लिहितो.

गणकयंत्र
इतका खटाटोप कशाला? सगळ्या दिवसांचे प्रमाण विचलन काढून त्याची तिप्पट घेतली की मर्यादा मिळतात.

रेघोटी
काम स्थिर असेल तर दोन्ही उत्तरे जवळपास येतात. परंतु त्या दिवसांमध्येच सरासरी सरकलेली असेल, तर ते सरकणेही प्रमाण विचलनात मिसळते, मर्यादा फुगतात आणि जे पकडायचे तेच आत लपते. शेजारच्या दिवसांतील फरकावर अशा सरकण्याचा परिणाम फक्त बदलाच्या एका दिवशी होतो.

अनुस्वार
मग आणखी एक पेच सांगतो. त्यानंतरचे आठ दिवस असे गेले: ४४, ४३, ४५, ४६, ४४, ४५, ४३, ४६. एकही दिवस ५० च्या जवळ नाही, म्हणून कोणीच काही विचारले नाही.

रेघोटी
विचारायला हवे होते ते इथेच. काम बदलले नसते, तर सलग आठही दिवस सरासरीच्या वरच येण्याची शक्यता २५६ मध्ये एक, इतकी कमी आहे. पहिल्या दिवसाच्या आसपास काय बदलले, ते पाहा.

अनुस्वार
पाहिले. त्याच दिवसापासून पत्ता दुसऱ्यांदा तपासण्याची पायरी आली होती. परंतु ‘विशेष कारण’ म्हटल्यावर सर्वांनी एखादा मोठा बिघाड शोधला, आणि ‘सामान्य कारण’ म्हणजे क्षुल्लक, असे समजून ते सोडून दिले.

कोंदण
आलेखाचे जनक वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये तो मांडला. त्यांच्या मूळ शब्दाचा भाव ‘बोट ठेवून दाखवता येईल असे कारण’ हा होता. ‘विशेष’ ही शब्दयोजना गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्यामुळे रूढ झाली. मराठीत ‘विशेष’ला महत्त्वाची छटा आहे, म्हणून मी ‘अंगभूत’ आणि ‘आगंतुक’ ही जोडी सुचवीन. आयुर्वेदातही निज आणि आगंतु अशी व्याधींची विभागणी आहे. हा भेद आपल्या भाषेला नवा नाही.

पाळीप्रमुख
आमच्याकडे दर सोमवारी वेळ वाढते, कारण सुट्टीच्या ऑर्डरी साठतात. ते आगंतुक म्हणायचे की अंगभूत?

रेघोटी
ठरलेल्या दिवशी येणाऱ्याला मी आगंतुक म्हणणार नाही. सोमवारांचा आलेख वेगळा काढा. एकत्र ठेवल्यास शेजारच्या दिवसांतील फरक वाढून मर्यादा रुंद होतील.

गणकयंत्र
प्रमाण विचलनाबाबत माझे चुकले, हे मान्य. पण कोंदण यांच्या जोडीत एक अडचण दिसते. पत्ता-तपासणीची पायरी आली तेव्हा ती आगंतुक होती. ती कायम ठेवायची ठरली, की नवी सरासरी धरून मर्यादा पुन्हा काढाव्या लागतील आणि तेच कारण अंगभूत होईल. एकाच कारणाचे नाव तारखेनुसार बदलणे कितपत योग्य?

कोंदण
मला त्यात वावगे वाटत नाही. घरी आलेला पाहुणा राहून गेला, की घरचाच होतो. मात्र नाव कोणत्या तारखेपासून बदलायचे, हे शब्दाने ठरणार नाही. ते आलेख ठेवणाऱ्यानेच तिथे लिहून ठेवावे लागेल.

अनुस्वार
टिपणात ‘स्वाभाविक मर्यादा’ हा बदल करतो आहे. ‘आगंतुक’बद्दल मात्र माझे मन अजून ठरत नाही.