हॉलमधला ६५ इंची टीव्ही अस्पष्ट का दिसतो: सोसायटी ग्रुप, वडोदरा

ए-201: नमस्कार मंडळी. गणपतीच्या कार्यक्रमात हॉलच्या टीव्हीवर सुरसागर आणि लक्ष्मी विलास पॅलेसची चित्रफीत दाखवायची आहे. लॅपटॉप HDMI नं जोडून पाहिला. पहिल्या रांगेतून अक्षरं पुसट दिसतात, मागच्या रांगेतून ठीक वाटतात. शिवाय खालची टास्कबार अर्धी कापली जाते. टीव्ही 4K आहे, फाइल 1920×1080 ची. केबल नवी घ्यावी का?

सी-403: केबल नको काका. HDMI मधून आकडे जातात, केबल खराब असेल तर ठिपके चमकतात किंवा चित्र जातं-येतं. ती चित्र पुसट करत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन किती रिझोल्यूशनचा आहे? आणि Win+P दाबल्यावर काय निवडलेलं दिसतं?

ए-201: 1366×768. निवडलेलं आहे Duplicate.

सी-403: मग पहिलं कारण तेच. Duplicate मध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवायचं असतं, म्हणून विंडोज बहुतेक वेळा लहान पडद्याचं माप धरतं. तुमच्या फाइलमध्ये एका फ्रेमला 20.74 लाख पिक्सेल आहेत. लॅपटॉप ते दाबून 10.49 लाखांवर आणतो, म्हणजे जवळजवळ अर्धा तपशील केबलमध्ये शिरण्याआधीच गेला. टीव्हीच्या पॅनेलवर 82.94 लाख पिक्सेल आहेत. तेव्हा पडद्यावरच्या दर आठ पिक्सेलांत जेमतेम एक खरा आणि सात टीव्हीनं शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरलेले.

सी-403: त्यात 1366 चे 3840 करायचे म्हणजे 2.81 पट. एक पिक्सेल जाडीची रेघ 2.81 पिक्सेल जाड काढता येत नाही, मग कडेच्या पिक्सेलला काळ्या-पांढऱ्याच्या मधला करडा रंग मिळतो. अक्षरं पुसट दिसतात ती या करड्या कडांमुळे. 1920 चे 3840 करताना बरोबर दुप्पट होते. तिथेही टीव्ही थोडं गुळगुळीत करतोच, पण सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या राहतात.

बी-102: मग मागच्या रांगेतून चांगलं का दिसतं?

सी-403: अंतरामुळे, ताई. ६५ इंची पडदा सुमारे 144 सेंमी रुंद असतो. त्यावर 1366 पिक्सेल पसरले तर एकेक साधारण 1.05 मिमीचा होतो. निरोगी डोळ्याला एक कोनीय मिनिटाएवढा तपशील कळतो, त्या हिशोबानं बारा फुटांपलीकडे हे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. 1920 असतील तर ही मर्यादा साडेआठ फुटांवर येते. पहिली रांग सात फुटांवर आहे, म्हणून तक्रार तिथूनच. हेच उलटंही वापरता येतं: पंधरा फुटांवरूनही चित्र मऊ दिसत असेल तर सेटिंग्ज शोधत बसू नये, मूळ चित्रच SD च्या आसपासचं आहे असं समजावं.

ए-201: बरं. करू काय?

सी-403: Win+P दाबून Second screen only निवडा. मग Settings, System, Display मध्ये जाऊन रिझोल्यूशन 1920×1080 करा. यादीत 3840×2160 दिसलं तरी आधी Advanced display मध्ये रिफ्रेश रेट पाहा. जुन्या लॅपटॉपच्या HDMI मधून 4K फक्त 30 हर्ट्झवर जातं आणि हलतं चित्र अडखळतं. तुमची फाइल 1080 चीच आहे, 4K पाठवून तिच्यात काही वाढणार नाही.

डी-301: टास्कबार कापली जाते ते वेगळं प्रकरण, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या ट्यूबच्या टीव्हींपासूनची पद्धत आहे. कडेचा कचरा दिसू नये म्हणून चित्र थोडं फुगवायचं. प्रत्येक बाजूनं अडीच टक्के कापलं तर 1920×1080 पैकी 1824×1026 एवढंच उरतं आणि तेच पडद्यावर ताणलं जातं. मग वर सांगितलेलं बरोबर दुपटीचं गणित 2.105 पट होऊन बसतं. म्हणजे लॅपटॉप नीट केला तरी हे चालू असेल तर पुसटपणा थोडा उरणारच.

डी-301: टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय शोधा. सॅमसंगमध्ये Fit to screen, एलजीत Just Scan, सोनीत Display Area मध्ये Full pixel. नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात. तसंच त्या HDMI इनपुटचं नाव PC ठेवता येत असेल तर ठेवा. बऱ्याच टीव्हींवर त्यानं रंगीत अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात, कारण टीव्ही रंगाची माहिती अर्ध्या रिझोल्यूशननं हाताळणं थांबवतो.

बी-102: शार्पनेस वाढवून नाही का भागणार? आमच्या घरी ७० वर ठेवलाय, छान कडक दिसतं.

सी-403: ताई, तो कडकपणा खोटा असतो. शार्पनेस हरवलेला तपशील आणू शकत नाही. जिथे उजेड-अंधाराची सीमा सापडते तिथे उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद करतो, एवढंच त्याचं काम. पॅलेसच्या मनोऱ्याकडे पाहा: शार्पनेस जास्त असेल तर मनोऱ्याला लागून आभाळात पांढरी किनार दिसते. दगडावरचं बारीक कोरीवकाम मात्र तेवढंच राहतं. सुरसागरच्या पाण्यावर तर कॉम्प्रेशनचे चौकोन उठून दिसतात, कारण टीव्हीला त्यांच्या कडाही सीमाच वाटतात.

बी-102: मग शून्यावर ठेवायचा?

सी-403: ते कंपनीवर आहे. सॅमसंगमध्ये 0 म्हणजे काहीच न मिसळलेलं चित्र. सोनीत 50 ही तटस्थ जागा आहे, त्याखाली गेलात तर टीव्ही चित्र मुद्दाम मऊ करतो. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा तक्ता लावून ठरवावं. पेंटमध्ये 1920×1080 चा कॅनव्हास घ्या, मध्यम करडा रंग भरा, सगळ्यात बारीक पेन्सिलीनं काही उभ्या-आडव्या काळ्या रेघा काढा आणि अगदी कडेला एक पिक्सेलची लाल चौकट काढा. PNG म्हणूनच जतन करा, JPEG स्वतःच रेघांभोवती डाग पाडतो. ब्राउझरमध्ये उघडून F11 दाबा.

लाल चौकट चारही बाजूंनी दिसली तर ओव्हरस्कॅन गेला. मग शार्पनेस वाढवत न्या. काळ्या रेघेशेजारी करड्यावर पांढरट पट्टी उमटायला लागली की थांबा आणि ती नाहीशी होईपर्यंत मागे या. रेघच फिकट व्हायला लागली तर फार मागे आलात.

डी-301: हे करण्याआधी पिक्चर मोड Vivid किंवा Dynamic वरून Movie वर आणा, त्या भडक मोडमध्ये शार्पनेस आधीच चढवलेला असतो. नॉइज रिडक्शनही बंद करा. ते बारीक पोत दाणे समजून पुसून टाकतं, मग एका हातानं पुसायचं आणि दुसऱ्यानं शार्पनेस चढवायचा असा प्रकार होतो. बहुतेक टीव्हींवर या सेटिंग्ज प्रत्येक HDMI इनपुटसाठी वेगळ्या राहतात. लॅपटॉप कार्यक्रमाच्या दिवशीही त्याच पोर्टला लावा.

ए-201: केलं. लाल चौकट पूर्ण दिसते, अक्षरं पहिल्या रांगेतून स्वच्छ. पॅलेस सुंदर दिसतोय. पण सुरसागरचा भाग अजून मऊच आहे, अगदी शेवटच्या रांगेतूनही.

सी-403: तो तुकडा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला का? मूळ फाइलवर उजवं क्लिक, Properties, Details मध्ये Frame width पाहा.

ए-201: हो, व्हॉट्सॲपवरच आला होता. Frame width 848, height 480.

सी-403: मग टीव्हीचा दोष नाही. 848×480 म्हणजे एका फ्रेमला फक्त चार लाख पिक्सेल, पाठवतानाच व्हॉट्सॲपनं फाइल लहान केली. 1080 च्या चित्रफितीत जोडताना ती ताणली गेली, म्हणून एकूण फाइल 1920 ची दिसते पण तो भाग आतून 848 चाच आहे. ज्यांनी चित्रीकरण केलं त्यांना तोच व्हिडिओ गॅलरीतून न पाठवता Document म्हणून पाठवायला सांगा, किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो तुकडा चित्रफितीत बदलून टाका.

ए-201: एफ-104 च्या दादांनी शूट केलं होतं. त्यांच्या फोनमध्ये मूळ फाइल आहे म्हणाले, संध्याकाळी पेन ड्राइव्हवर देतायत.