मदत हवी आहे: सिंकिंग फंड आणि गुंतवणूक जुळत नाही, ४७,५८१ चा फरक

उद्यमनगर_हिशेब
गोकुळ शिरगावच्या एका खासगी कंपनीची पुस्तकं लिहितोय. ३० लाखांचे डिबेंचर, तीन वर्षांनी दर्शनी किमतीला परत करायचे. ट्रस्ट डीडप्रमाणे परतफेडीसाठी सिंकिंग फंड आहे, ५ टक्के व्याज धरून दरवर्षी ९,५१,६२६ चा हप्ता. दुसऱ्या वर्षाअखेर फंड १९,०३,२५२ दिसतो, पण त्याची गुंतवणूक १९,५०,८३३. कुठं चुकतंय? आणि पुढच्या मार्चला नोंदी कशा करू?

रंकाळा_चक्कर
आमच्या सोसायटीत बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी घेतात. त्यातलं काढायला सभेचा ठराव लागतो. तुमचा ठराव झालाय का?

खतावणी
रंकाळा, तो इमारत दुरुस्तीचा फंड, हा वेगळा.
उद्यमनगर, फरक ४७,५८१ म्हणजे पहिल्या हप्त्यावरचं ५ टक्के व्याज, बरोब्बर तेवढंच. ते तुम्ही नफा-तोट्याला जमा केलंय, गुंतवलं मात्र हप्त्याबरोबर. व्याज फंडालाच जमा करा, दोन्ही खाती जुळतील.
तिसऱ्या वर्षी व्याज ९७,५४२ आणि हप्ता मिळून १०,४९,१६८ होतात. हे गुंतवू नका. लगेच द्यायचेच आहेत, बँकेतच ठेवा. फंड ३०,००,००१ होईल. तो एक रुपया पूर्णांकाचा, त्याच्यामागं लागू नका.

पन्हाळा_वारा
एवढा खटाटोप कशाला? २०१९ पासून डिबेंचरच्या रकमेच्या १० टक्के रिडेम्पशन रिझर्व्ह ठेवला की झालं.

खतावणी
शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला १० टक्के बरोबर. पण त्या वर्षात फिटणाऱ्या रकमेच्या १५ टक्के ३० एप्रिलपर्यंत गुंतवावेही लागतात. आणि हे कायद्याचं किमान झालं. डीडमध्ये पूर्ण फंड लिहिलाय, तर तो पाळावाच लागेल.

उद्यमनगर_हिशेब
सापडलं, व्याज तिथंच होतं. गुंतवणुकीतले रोखे पडत्या भावानं विकावे लागले तर? समजा १९,२०,००० च आले.

खतावणी
मग ३०,८३३ तोटा फंडाला नावे टाका, नफा-तोट्याला नको. फंड २९,६९,१६८ उरतो. विक्रीचे आणि बँकेतले मिळून हातातही तेवढेच. कमी पडणारे ३०,८३२ चालू खात्यातून भरा.
लोक अडखळतात ते पुढं: पैसे देताना डिबेंचर खातं नावे करायचं, फंड नाही. फंड नफ्यातून बाजूला काढलेला आहे, तो डिबेंचरधारकांना जात नाही. डिबेंचर फिटले की उरलेला फंड सर्वसाधारण राखीव निधीत.

उद्यमनगर_हिशेब
यातली थोडी रक्कम बँक एफडीत आहे, तिचं व्याज टीडीएस कापून येतं. फंडाला पूर्ण जमा करू की हाती आलेलं?

खतावणी
मी पूर्ण जमा करतो, कापलेला कर येणं दाखवतो आणि तेवढी रोख चालू खात्यातून गुंतवणुकीत घालतो.

पन्हाळा_वारा
आमचे सीए हाती आलेलंच धरतात, आणि पुढचा हप्ता तेवढा वाढवतात.

खतावणी
तसंही चालेल, पण मग हप्त्याचा तक्ता दरवर्षी नव्यानं मांडा. डीडमध्ये हप्त्याचा आकडा ठरवून दिलाय का, ते आधी बघा.