मदत हवी आहे: मंद केल्यावर न लुकलुकणारा टेबल लॅम्प

मालवणात पावसाळ्यात चारलाच अंधारून येतं. चौथीतल्या मुलीच्या टेबलासाठी 4000 केल्विनचा एलईडी लॅम्प घ्यायचाय. वहीवर 500 लक्सच्या आसपास उजेड पुरे. ती उजव्या हाताने लिहिते, म्हणून दिवा डावीकडे राहील, नाहीतर अक्षरावर हाताचीच सावली. खोलीतली ट्यूबही चालू असेल.

अडचण डिमरची. दुकानात दोन लॅम्प मंद करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहिले, तर पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. म्हणजे ड्रायव्हर करंट कमी न करता दिवा झपाट्याने चालू-बंद करतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं.

करंट कमी करून मंद होणारा लॅम्प कोणी वापरतंय का? इथे व्होल्टेज पडतं, तेव्हा तो स्थिर राहतो का?